आधी मंजुरी, मग लेथ

नंदुरबारच्या त्या जिनिंग कारखान्यात सुपडू मिस्त्रीला लेथवर उभं राहिलेलं ज्यांनी पाहिलं, ते सांगत की त्या वेळी त्याच्याशी बोलण्यात काही अर्थ नसे. कान उघडे असत, पण मन त्या फिरत्या लोखंडात असे. पोलादाची चकचकीत वळी सुटू लागली की हा माणूस लग्नातल्या वाजंत्रीसारखा खुलायचा. मूळचा शेतकरी घरातला. गावी भाऊ नांगर धरायचा, आणि हा मिसरूड फुटायच्या वयात कारखान्यात तेल घालायला म्हणून लागला तो तिथलाच झाला. पुढे फिटर झाला आणि मग हेडमिस्त्री. पश्चिम खानदेशात त्या काळी लेथ मोजकेच, आणि तापीकाठच्या गावांना त्यातला हाच जवळचा. त्यामुळे कुणाच्या उसाच्या चरकाची लाट झिजली, कुणाच्या मोटारीचा आस वाकला, की लोक गाडी जुंपून थेट सुपडूकडे यायचे.

आणि सुपडू त्यांना परत पाठवायचा. म्हणजे अगदी परत नाही. आलेल्याला पाणी द्यायचा, बसवायचा, वस्तू बघायचा आणि सांगायचा, "मॅनेजरनी मंजुरी लई या. मंग मी शे आनी लेथ शे." काही जणांना ते समजायचं. बऱ्याच जणांना वाटायचं, मिस्त्री डोक्यावर चढला.

सदतीस सालच्या चैत्रातली गोष्ट. कापसाचा हंगाम संपत आला होता. शेवटचा कापूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघणार, मग बॉयलर थंड करायचा आणि कारखान्याला टाळं लावायचं ते थेट दिवाळीच्या तोंडाशी उघडायचं, असं ठरलेलं. आता बॉयलर थंड म्हणजे लेथही थंड. कारण लेथला स्वतःचं इंजिन नव्हतं. छताखालून जो लांब लोखंडी दांडा फिरायचा, त्यावरच्या पट्ट्यांनी जिनची यंत्रं चालायची, आणि एका कोपऱ्यातली पट्टी लेथ चालवायची. वाफ असेल तर सगळं, नाही तर काहीच नाही.

त्या सकाळी फाटकात एक बैलगाडी येऊन थांबली. बैलांच्या पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. म्हणजे तापीच्या उतारातून आले होते. गाडीतून एक बाई खाली उतरली. पांढरं लुगडं, हातात काही नाही, पण चालणं असं की फाटकावरच्या माणसाने अडवायच्या आधीच ती आत आली होती. मागून तिचा दीर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आला.

ती तापीकाठच्या प्रकाशा गावची जसोदाबाई. गुजर घरातली. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही शेत बटाईने देईल. तिने तापीच्या काठावर तेलावर चालणारं इंजिन आणि पाणी ओढणारा पंप बसवला आणि वरच्या रानात केळी लावल्या. तिच्या भागात असा पंप पहिलाच. बघायला गावोगावचे लोक यायचे, आणि घरी जाऊन म्हणायचे की बाईमाणसाच्या हाती लोखंड किती दिवस टिकणार. दीर प्रेमचंदचाही या इंजिनाला विरोध होता. पण घरचा आहे म्हटल्यावर गोणपाट खांद्यावर घेणं त्याला भागच होतं.

प्रेमचंदने गोणपाट उलगडलं. आत पंपाचा आस होता, दोन तुकडे झालेला. पाणी फेकणारं पंख्याचं चाक ज्या टोकाला बसतं, तिथेच मोडला होता.

"मिस्त्री भाऊ," जसोदाबाई म्हणाली, "परवापासून पाणी बंद शे. केळीना घड बाहेर पडेल शेतस. आनी हाई ऊन. चार-सहा दिन अशेच गयात ते बाग उभा वाळी जाई."

सुपडूने तुकडे उचलले. बोटं आधीच कामाला लागली होती. तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरला, चाक घट्ट धरणारी पाचर, म्हणजे चावी, जिथे बसते त्या खाचेच्या कोपऱ्यावर थांबला. तिथून चीर गेलेली होती. नवा आस करायचा, खाच करताना कोपरा गोल ठेवायचा, म्हणजे पुन्हा तिथून फुटणार नाही. असं काम त्याने आजवर केलं नव्हतं. नदीचं पाणी वर चढवणारा आस. पट्टी चढवावी आणि लगेच सुरू करावं, इतकं सोपं होतं. वाफ होती. लेथ रिकामा होता. मॅनेजरसाहेब आठ दिवस गावातच नव्हते.

त्याने तुकडे परत गोणपाटावर ठेवले.

"बाई, काम व्हई," तो म्हणाला. "उद्या सांजपर्यंत व्हई. पन मॅनेजरसाहेबनी मंजुरी येवापर्यंत मी एक टवकाबी काढाव नही."

प्रेमचंद तापला. "लेथ रिकामा दिखी ऱ्हायना. तुम्हीन रिकामा दिखी ऱ्हायनात. मंग कसानी मंजुरी?"

बॉयलरवाला दिवाल्या दारात उभा राहून ऐकत होता. तो नवापूरकडच्या भिल्ल वस्तीतला, निखाऱ्यांच्या उजेडात तांबूस झालेला, सुपडूचा जिवलग. तोही हळूच म्हणाला, "मिस्त्री, करी टाका. कोन सांगी साहेबले?"

आता इथे सुपडूने नुसतं नाही म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि प्रकाशातल्या लोकांनी त्याचं नाव कायम वाईट घेतलं असतं. पण तो खाली उकिडवा बसला आणि त्याने जसोदाबाईला फाटकाकडे बोट करून एक माणूस दाखवला. कडुनिंबाखाली विड्या वळत बसलेला उखा. डाव्या हाताला पंजा नव्हता. पायाच्या अंगठ्यात पान धरून तो उजव्या हाताने वळत होता.

"तो उखा. आठेच काम करे," सुपडू म्हणाला आणि सांगू लागला. काही वर्षांपूर्वी जुन्या मिस्त्रीने ओळखीतल्या एकाचं काम असंच गुपचूप घेतलं. उखा पट्टी चढवायला गेला आणि पट्टीने हात ओढला. माणूस कामावर असताना जखमी झाला तर कारखान्याने भरपाई द्यायची, असा सरकारी कायदा होता. पण कारखान्याने विचारलं, हे काम कुणाचं? कारखान्याचं नव्हतं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कुठे नोंद नाही, कुणाची मंजुरी नाही. उखाला काही मिळालं नाही. जुना मिस्त्री गाव सोडून गेला.

"आते मी लेथवर उभा ऱ्हासू, दिवाल्या बॉयलरवर ऱ्हाई. त्याना घर चार पोरं शेतस," सुपडू म्हणाला. "काही व्हयनं ते त्यास्ले कोन देखी? साहेबनी मंजुरी म्हंजे कागद नही बाई. ते आमना पाठमांगे उभं ऱ्हानारं मानूस शे."

दिवाल्याने मान खाली घातली. जसोदाबाई मात्र उखाकडे बराच वेळ पाहत होती.

"बरं," ती म्हणाली. "मंग साहेब कोठे शे, ते सांगा. आनी त्यास्ले काय काय सांगनं पडी, तेबी सांगा."

सुपडूला हेच हवं होतं. तो टुणकन उठला. त्याने फूटपट्टी आणि कंपास आणला. प्रेमचंदने लगेच टोकलं, "आतेच ते म्हने हात लावाव नही."

"मोजनं म्हंजे काम नही," सुपडू हसला. "साहेब इचारी, केवढं काम शे, किती येळ लागी, काय माल लागी. ते सांगता नही उनं ते मंजुरी कशी देतीन? कापनं म्हंजे काम."

त्याने लांबी घेतली, जाडी घेतली, खाचेची रुंदी घेतली. मालगोदामात जुन्या दांड्याचा एक तुकडा पडलेला होता, तो पुरेल असा अंदाज केला. मग तिघं ऑफिसात कारकून सुकलालकडे गेले. सुकलालने आधी हात वर केले. "माझ्या हातात नाही. मालगोदामातून खिळासुद्धा साहेबांच्या सहीशिवाय मी देत नाही." पण साहेब कुठे आहेत हे त्याला ठाऊक होतं. साहेब अमळनेरला होते आणि उद्या सकाळच्या गाडीने सुरतेला कारखान्याच्या मालकाकडे, शेठकडे, निघणार होते. गाडी नंदुरबारवरूनच जाणार, पण साहेब उतरणार नव्हते. सुरतेला शेठनं हंगामाच्या हिशेबासाठी बोलावलं होतं.

"मंग तार करा," जसोदाबाई म्हणाली.

सुकलालने तार लिहिली. सुपडू एकेक शब्द सांगत होता. प्रकाशाच्या शेतकऱ्याचा पंपाचा आस मोडला आहे, नवा करायला एक दिवस, कापूस निघेपर्यंतच्या वाफेवर होईल, मंजुरी हवी, तोवर काम सुरू केलेलं नाही. शेवटचं वाक्य कापावं असं सुकलालचं म्हणणं, शब्द वाढतात म्हणून. सुपडूने कापू दिलं नाही.

दिवसभर तारेची वाट पाहिली. जसोदाबाई गाडीच्या सावलीत बसून राहिली. सुपडू जिनच्या यंत्रांभोवती फिरत होता, पण लेथच्या बाजूला गेला नाही. गेला असता तर हात आवरला नसता, हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं. ऊन कलताना स्टेशनवरचा तारवाला आला. उत्तर एका ओळीचं होतं: उद्या सकाळी गाडीवर भेटा, तोवर काही करू नये.

"'नही' ते नही म्हने," दिवाल्या म्हणाला.

"होबी नही म्हने," सुपडू म्हणाला, आणि त्या रात्री बायकोने, गजराबाईने, वाढलेली भाकरी तशीच ताटात राहिली. ती म्हणाली, उद्या लगीन तुमचं आहे का?

दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या कितीतरी आधी सुपडू, जसोदाबाई आणि प्रेमचंद फलाटावर हजर. फलाटावर मिरच्यांची पोती रचलेली, हवेत तो तिखट वास, येणारा-जाणारा शिंकतो आहे. सुपडूने दिवाल्याला बजावून ठेवलं होतं, कापूस संपला तरी आग एकदम मारू नकोस, मी येईपर्यंत जेवढी आहे तेवढी धरून ठेव. पण नवा कोळसा टाकू नकोस. त्याची मंजुरी नाही.

गाडी आली. धुराच्या लोटातून डबे पुढे सरकू लागले, आणि सुपडू एकेका खिडकीत डोकावत धावू लागला. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात साहेब दिसले. काळी टोपी, पुढ्यात उघडलेली कागदांची पेटी. ते दारापर्यंत आले, पण खाली उतरले नाहीत.

"काम सुरू केलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही साहेब," सुपडू म्हणाला. साहेबांपुढे, ऑफिसातल्या माणसांपुढे तो शाळेत शिकलेली मराठी काढायचा. "नुसतं मोजलं आहे."

"मग उत्तर सोपं आहे. आज बॉयलर बंद होतो. बाहेरचं काम आपण घेत नाही. यांनी भुसावळला जावं."

प्रेमचंदने 'बघ, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने वहिनीकडे पाहिलं. पण जसोदाबाई दोन पावलं पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "साहेब, भुसावळ जावाले आनी काम करी परत येवाले जेवढा दिन लागतीन, तेवढा दिन बाग जगाव नही. नही म्हनानं ते नही म्हना, मी ऐकी लिसू. पन मिस्त्रीनं एकदाव ऐकी ल्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. इंजिन पाणी घेत होतं, त्यामुळे थोडा वेळ होता. "बोला."

सुपडू बोलू लागला आणि त्याला थांबवणं कठीण झालं. कापूस दुपारपर्यंत चालणारच, म्हणजे वाफ तोवर असणारच. लेथला त्यातली किती लागते, काहीच नाही. कापूस थांबल्यावर जी वाफ बॉयलरमध्ये उरते ती तशीही फुकट सोडून देतो, ती वापरायची. नवा कोळसा एक घमेलं नाही. माल म्हणजे गोदामातला जुना दांडा, त्याची किंमत बाई भरतील. बाहेरचा माणूस कारखान्याच्या आत पाऊल टाकणार नाही. पट्टीवर मी, बॉयलरवर दिवाल्या, तिसरा कुणी नाही.

"आणि कुणाला लागलं तर?" साहेबांनी विचारलं.

सुपडूचा सपाटा एकदम थांबला. मग तो शांतपणे म्हणाला, "त्यासाठीच इथे उभा आहे साहेब. कारखान्याचं काम म्हणून लिहून द्या. नसेल तर मी करणार नाही, बाग वाळली तरी."

उखाचा भरपाईचा अर्ज नाकारला तेव्हा खाली सही साहेबांचीच होती. सुपडूला ते ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही उखाचं नाव घेतलं नाही. गार्डची शिट्टी वाजली. साहेब पटकन आत वळले, पेटीतून एक कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच शिसपेन्सिलीने लिहू लागले. गाडीला हिसका बसला. सुपडू दांडीला धरून गाडीबरोबर चालू लागला. जसोदाबाईही चालू लागली.

"हे काम कारखान्याचं समजावं," साहेब लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, "हेडमिस्त्री आणि बॉयलरवाला कारखान्याच्या कामावर आहेत असं समजावं. जुना दांडा द्यावा. नवा कोळसा देऊ नये. वाफ संपेल तिथे काम थांबावं."

त्यांनी कागद पुढे केला. सुपडूने घेतला, पाहिला, आणि धावता धावताच परत वर धरला.

"साहेब, सही."

साहेबांना हसू आलं. त्या माणसाला हसताना सुपडूने पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी सुपडूच्या हातातच कागद धरून सही ओढली, तिचं शेपूट हिसक्याने पार कडेपर्यंत गेलं, आणि फलाट संपला. सुपडू खडीत उडी मारून थांबला. मागे वळून पाहतो तो जसोदाबाई फलाटाच्या टोकाशी उभी, एक हात छातीवर, आणि प्रेमचंद मिरचीच्या पोत्यांवरून उड्या मारत येतोय.

टांगा केला. टांगेवाल्याला वाटलं कुणाच्या घरी बाळंतपण आहे, इतकी घाई. कारखान्यात सुकलालने कागद दोनदा वाचला, खालून वरून पाहिला आणि निमूट गोदामाची किल्ली काढली. दांडा लेथवर चढला तेव्हा कापूस अजून चालू होता. सुपडूने पट्टी सरकवली, दांडा गरगर फिरू लागला, आणि हत्याराचं टोक लागताच पहिली निळसर वळी सुटली. दिवाल्याने बॉयलरच्या दारातून एक आरोळी दिली. तिचा अर्थ कुणाला कळला नाही, पण ऐकून सगळ्यांना बरं वाटलं.

जसोदाबाई आणि प्रेमचंद फाटकापाशीच बसले. साहेबांच्या कागदात तसं नव्हतं, पण सुपडूने साहेबांना शब्द दिला होता, आणि तो या दोघांनीही ऐकला होता.

कापूस मात्र अंदाजापेक्षा लवकर संपला. दुपार व्हायच्या आतच शेवटची टोपली यंत्रात पडली आणि जिन गप्प झाले. इतका गलका चालू असलेली जागा एकदम रिकामी वाटू लागली. आता उरलेल्या वाफेवरच काय ते. दिवाल्याने जिनच्या सगळ्या पट्ट्या उतरवल्या, म्हणजे छतातला दांडा हलका फिरेल आणि वाफ कमी खाईल. निखारे ओढून एका बाजूला गोळा केले, दार घट्ट लावलं, आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे टक लावून बसला.

आसाचं अंग तासून झालं. बेरिंगची जागा घोटून झाली. आता टोकाला आटे पाडायचे, ज्यावर पंख्याचं चाक आवळणारा नट बसतो. सुपडूने मोडक्या तुकड्यावरचे जुने आटे पुन्हा न्याहाळले आणि त्याच्या अंगावर काटा आला. आटे उलटे होते. पंप ज्या बाजूला फिरतो त्या बाजूने नट सुटू नये म्हणून बनवणाऱ्याने ते डावीकडे ठेवले होते. नेहमीसारखे उजवे पाडले असते तर पंप सुरू होताच नट निसटला असता. लेथची दातेरी चाकं बदलून तो पुन्हा लावणं भाग होतं. त्यात वेळ गेला, आणि वाफेला वेळ नव्हता.

"मिस्त्री, काटा खाले जाई ऱ्हायना," दिवाल्या ओरडला.

"जाऊ दे. जास तथपर्यंत फिरू दे."

आटे अर्ध्यावर आले आणि छतातल्या दांड्याची गुणगुण खाली येऊ लागली. लेथ मंदावला. एक लांब उसासा टाकून सगळं थांबलं. बाहेर बसलेल्या जसोदाबाईला ती शांतता ऐकू आली आणि ती उठून उभी राहिली. सुकलाल दारात येऊन म्हणाला, "वाफ संपेल तिथे काम थांबावं. असं लिहिलं आहे, मिस्त्री."

सुपडूने कपाळावरचा घाम पुसला. कागदाच्या बाहेर जायचं नव्हतं. आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"सुकलालभाऊ, वाफ संपली. वाफेचं काम थांबलं. हातानं फिरवायला कागदात मनाई आहे का?"

सुकलालने कागद पुन्हा वाचला. बराच वेळ वाचला. मग तो म्हणाला, "हेडमिस्त्री आणि बॉयलरवाला कामावर आहेत, असं आहे. हातानं की कशानं, हे नाही." आणि तो दारातच एका खोक्यावर बसला, बघायला.

सुपडूने पट्टी पूर्ण उतरवली. लेथच्या तोंडावर एक लोखंडी दांडी अडकवली आणि दिवाल्याला बोलावलं. दिवाल्या दांडी ओढायचा, सुपडू हत्यार सांभाळायचा. घाण्याच्या बैलासारखं सावकाश, एकेक फेरा. प्रत्येक फेऱ्याला पोलादातून केसाएवढी वळी सुटायची. दिवाल्याच्या दंडाच्या शिरा ताठ झाल्या. मध्येच तो हसू लागला, आणि त्याला हसताना पाहून सुपडूही. दोघे घामाने निथळत, दात काढून, त्या आसाला फिरवत होते. शेवटचा आटा पडला, सुपडूने जुना नट टोकाला लावला आणि बोटाने फिरवला. नट लोण्यात सुरी शिरावी तसा आत गेला.

मग खाच. ती छिन्नी-हातोड्याने आणि कानशीने, पकडीत आस धरून. चारही कोपरे गोल. सूर्य बुडायच्या आत सुपडू नवा आस दोन्ही हातांत धरून फाटकाकडे आला. जसोदाबाईने तो घेतला नाही. आधी त्याच्याकडे पाहिलं, दिवाल्याकडे पाहिलं, आणि पदराने डोळे पुसले. प्रेमचंदने आस हातात घेतला आणि नव्या सुनेचं तोंड पाहावं तसा तो उलटसुलट करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला टाळं लागलं. सुपडू मोकळा झाला, आणि कुणी न सांगता जसोदाबाईच्या गाडीत चढून बसला. दिवाल्याही. तापीच्या उतारातून गाडी पार झाली तेव्हा प्रकाशाच्या काठावर माणसं जमलेली होती. देवळाच्या पायऱ्यांवरून उतरून स्नानाला आलेले काही यात्रेकरूही थांबले होते. पंप उघडला, नवा आस बसवला, चाक आवळलं. प्रेमचंदने इंजिनाचं चाक फिरवलं. एकदा, दोनदा, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिनाने एक खोकला दिला, काळा धूर सोडला आणि ठक ठक ठक चालू लागलं. पट्टी पळू लागली. नळ्याच्या तोंडाकडे डोळे लावलेली पोरं, बाया, म्हातारे, सगळे श्वास रोखून उभे होते. नळा गुरगुरला. हवा सुटली. आणि मग गढूळ पाण्याची एक उसळी, तिच्यामागे दुसरी, आणि मग जाड, स्वच्छ, न थांबणारी धार.

पोरं त्या धारेखाली घुसली. जसोदाबाई पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत सुटली, कुठे कचरा अडला तर पायाने बाजूला करत, थेट केळीच्या पहिल्या सरीपर्यंत. तिथे पाणी वाफ्यात शिरताना पाहून ती तशीच चिखलात बसली.

पुढच्या हंगामात साहेबांनी ऑफिसात बाहेरच्या कामांसाठी वेगळा रिवाज पाडला. मागणी आली की मोजमाप, मग मंजुरी, मग काम, आणि काम करणारा माणूस कारखान्याचा धरायचा. तापीकाठी पंप वाढत गेले तशी सुपडूची कामंही वाढली. उखाला जुन्या जखमेचं काही मिळालं नाही. साहेबांनी त्याला फाटकावर पहाऱ्याची जागा देऊ केली. त्याने ती दोन वर्षं केली आणि मग सोडली. म्हणाला, कडुनिंबाखाली जास्त गार वाटतं.

पण त्या दिवशी यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. सुपडू पाटात पाय सोडून बसला होता, पाणी घोट्यांना गुदगुल्या करत जात होतं, आणि शेजारच्या गावचे दोन शेतकरी त्याच्या दोन बाजूंना बसून एकाच वेळी विचारत होते की असं इंजिन मिळतं कुठे, आणि विहिरीवर बसवलं तर चालेल का. दिवाल्या ओली टोपी पिळत हसत होता. सुपडूने दोघांनाही हाताने थांबवलं आणि विचारलं, आधी सांगा, विहिरीला पाणी किती खोल आहे.